शेवटच्या दिवशीचा निरोपाचा मेल: उत्तरं परत जाऊ नयेत म्हणून काय करायचं?

माझी पहिली नोकरी सोडली तेव्हा मी निरोपाचा मेल संध्याकाळी पावणेसहाला पाठवला. हिंजवडीतलं ऑफिस, शुक्रवार, लॅपटॉप जमा करायची रांग, केक कापून झालेला. मेल छान लिहिला होता, दोनदा वाचून पाहिला होता. तळाशी "संपर्कात राहूया" असं लिहून माझा नंबरही दिला होता. सहा वाजता आयटीवाल्यांनी खातं बंद केलं आणि मी घरी आले.

दोन वर्षांनी आमच्या जुन्या टीममधल्या एक सीनियर मॅडम लक्ष्मी रोडवर भेटल्या. मला एसक्यूएल शिकवलं ते त्यांनीच. त्या म्हणाल्या, "अगं, तुला केवढा मोठा मेल लिहिला होता मी. परत आला. मला वाटलं, तुला आता जुन्या लोकांशी काही घेणंदेणं नाही." माझा नंबर मेलमध्ये होता, पण एका फोटोच्या आत. केकवर "थँक यू" लिहिलेलं, खाली माझं नाव आणि नंबर, असं डिझाइन करून मी ते चिकटवलं होतं. त्यांच्या मेलमध्ये फोटो उघडलाच नव्हता. त्यांनी सगळे करतात तेच केलं, Reply दाबलं आणि लिहिलं.

म्हणून आज शब्द कसे निवडायचे यापेक्षा, हा मेल जातो कसा, त्याचं उत्तर कुठे पोचतं आणि आपला संपर्क त्यात कसा द्यायचा, हे नीट पाहूया.

खातं बंद झालं की उत्तराचं काय होतं?

निरोपाच्या मेलला बहुतेक लोक लगेच उत्तर देत नाहीत. कोणी मीटिंगमध्ये असतं, कोणी रजेवर. ज्यांना खरंच काहीतरी लिहायचंय ते तर "निवांत लिहीन" म्हणून बाजूला ठेवतात. म्हणजे सगळ्यात महत्त्वाची उत्तरं सगळ्यात उशिरा येतात, आणि तोपर्यंत तुमचं खातं गेलेलं असतं.

मग दोनपैकी एक गोष्ट होते. पहिली म्हणजे मेल परत जातो. पाठवणाऱ्याला इंग्रजीत एक रूक्ष संदेश येतो. त्यात `550 5.1.1` असा आकडा असेल तर त्या पत्त्याचं खातंच सर्व्हरवर नाही, आणि `5.2.1` असेल तर खातं आहे पण बंद केलेलं आहे. सामान्य माणूस हे आकडे वाचत नाही. त्याला एवढंच कळतं की मेल गेला नाही. दहातले दोन-तीन जण तुमचा दुसरा पत्ता शोधतील, बाकीचे सोडून देतील.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. बऱ्याच कंपन्या गेलेल्या माणसाचे मेल काही आठवडे त्याच्या मॅनेजरकडे वळवतात, क्लायंटचं काम अडू नये म्हणून. यात चुकीचं काही नाही. पण तुमच्या मैत्रिणीने "बरं झालं सुटलीस, इथे तर..." असं उत्तर दिलं, तर ते थेट त्याच मॅनेजरसमोर उघडतं. आणि पाठवणारीला कळतही नाही, कारण तिच्याकडे मेल परत आलेला नसतो.

सुट्टीवर जाताना लावतो तो ऑटो-रिप्लाय इथे उपयोगी पडेल, यावरही विसंबू नका. खातं बंद केलं की तुमचा ऑटो-रिप्लायही बंद. शेड्यूल करून ठेवलेल्या मेलचं तेच. "सहा वाजता मी निघेन, साडेसहाला मेल आपोआप जाईल" असा हिशेब केलात आणि सहालाच खातं बंद झालं, तर तो मेल जाणारच नाही.

म्हणजे कधी पाठवायचा?

आधी आयटी किंवा एचआरला सरळ विचारा, "माझा ॲक्सेस नेमका किती वाजता बंद होणार?" हा प्रश्न विचारायला लोक उगाच संकोचतात. काही ठिकाणी लॅपटॉप जमा केला त्या क्षणी बंद होतो, काही ठिकाणी रात्री बाराला.

उत्तर संध्याकाळी सहा असं मिळालं, तर मेल जेवणाच्या सुट्टीच्या आधी, म्हणजे साडेअकरा-बाराच्या सुमारास पाठवा. लोकांना वाचायला, उत्तर द्यायला, उठून तुमच्या डेस्कपर्यंत यायला पाच-सहा तास मिळतात. तुम्हालाही दोन ओळी उलट लिहिता येतात.

अमेरिकेतल्या टीमबरोबर काम करत असाल तर एक दिवस आधीचा विचार करा. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात आठ. तिकडचा माणूस ऑफिसला पोचून मेल उघडेपर्यंत तुमचं खातं संपलेलं. अशा लोकांना आदल्या दिवशी संध्याकाळी वेगळा मेल गेलेला बरा.

Reply-To: फार थोड्या लोकांना माहीत असलेली सोय

प्रत्येक मेलच्या वरती, आपल्याला सहसा न दिसणाऱ्या काही ओळी असतात. त्यातली `From` म्हणजे मेल कोणाकडून आला. `Reply-To` ही ओळ असेल तर समोरच्याने Reply दाबल्यावर उत्तर `From` च्या पत्त्यावर न जाता तिथे दिलेल्या पत्त्यावर जातं. मेल ऑफिसच्या पत्त्यावरून जातो, उत्तर तुमच्या घरच्या पत्त्यावर येतं:

```
From: tumche.naav@office.example
Reply-To: tumche.naav@example.com
Subject: आज शेवटचा दिवस
```

माझ्या मेलमध्ये ही एक ओळ असती तर मॅडमचं पत्र मला मिळालं असतं.

ऑफिसमध्ये जीमेल वापरत असाल तर हे कॉम्प्युटरवर करावं लागतं, फोनवरच्या ॲपमध्ये हा पर्याय नाही. वर उजवीकडचं गिअरचं चिन्ह, मग See all settings, मग Accounts हा टॅब. तिथे Send mail as च्या समोर edit info असतं. ते उघडलं की Specify a different "reply-to" address अशी निळी ओळ दिसते. तिथे स्वतःचा पत्ता टाकून सेव्ह करायचं. विंडोजवरच्या जुन्या, क्लासिक आउटलुकमध्ये नवा मेल उघडून Options टॅबमध्ये Direct Replies To असं बटण आहे. ते फक्त त्या एका मेलपुरतं लागू होतं, हे त्याचं चांगलं.

जीमेलचं तसं नाही, आणि इथेच गडबड होते. जीमेलमध्ये हे सेटिंग केलं की त्यानंतर जाणाऱ्या प्रत्येक मेलला ते लागतं. हौसेने आठवडाभर आधी करून ठेवलंत, तर क्लायंटला पाठवलेल्या मेलची उत्तरंही तुमच्या घरच्या इनबॉक्समध्ये यायला लागतील. कंपनीच्या नजरेत हा डेटा बाहेर नेण्याचा प्रकार आहे, आणि शेवटच्या आठवड्यात असल्या गोष्टींवर लक्ष जास्तच असतं. म्हणून निरोपाचा मेल पाठवायच्या दोन मिनिटं आधी सेटिंग लावा, मेल पाठवा, आणि दिवसभरात कामाचे मेल जायचे असतील तर लगेच काढून टाका.

लागलं की नाही हे कसं ओळखायचं? शेजारच्या सहकाऱ्याला आधी एक चाचणीचा मेल पाठवा आणि त्याला फक्त Reply दाबायला सांगा. वरच्या To मध्ये तुमचा घरचा पत्ता दिसला की झालं. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबला की `reply-to` अशी ओळही दिसते.

काही कंपन्यांत बाहेरच्या पत्त्यावर मेल पाठवताना पिवळी सूचना येते किंवा तसे मेल अडवलेच जातात. तसं असेल तर नाद सोडा आणि मेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच लिहा: "हे खातं आज सहाला बंद होतंय, उत्तर खालच्या पत्त्यावर द्या." तळाशी नाही, वरती. तळ कोणी वाचत नाही.

सगळ्यांना To मध्ये टाकू नका

१९९७ साली मायक्रोसॉफ्टमध्ये एक प्रकरण झालं होतं. 'बेडलॅम डीएल३' नावाच्या एका मेलिंग लिस्टमध्ये सुमारे १३ हजार कर्मचारी होते आणि आपण त्यात आहोत हे त्यांना माहीतही नव्हतं. एकाने सगळ्यांना मेल करून लिस्टमधून आपलं नाव काढायला सांगितलं. मग इतरांनी "माझंही काढा" असं सगळ्यांना उत्तर दिलं. मग काहींनी "सगळ्यांना उत्तर देऊ नका" हेसुद्धा सगळ्यांनाच पाठवलं. अक्षरशः लाखो मेल तयार झाले आणि कंपनीची मेल यंत्रणा कोलमडली.

तुमच्या निरोपाने इतकं काही होणार नाही. पण १५० जणांना To मध्ये ठेवलंत तर "ऑल द बेस्ट" असे चाळीस मेल १५० जणांच्या फोनवर वाजतील. तेही क्लायंट कॉल चालू असताना. आणि ज्याला दोन ओळी मनापासून लिहायच्यात तो चुकून Reply all दाबेल ही भीती वेगळीच.

उपाय सोपा आहे. To मध्ये स्वतःचा ऑफिसचा पत्ता, बाकी सगळे Bcc मध्ये. Bcc मधली नावं एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे कोणी Reply all दाबलं तरी ते बाकीच्या Bcc वाल्यांपर्यंत पोचत नाही. (मात्र To मध्ये तुमचाच ऑफिसचा पत्ता असल्यामुळे Reply all केलेल्या उत्तराची एक प्रत त्या बंद खात्याकडेही जाऊ शकते. Reply-To लावलेलं असेल तर तुमच्या घरच्या पत्त्यावरची प्रत येतेच, समोरच्याला एक मेल परत आल्याची सूचना दिसेल इतकंच.)

पूर्ण ऑफिसच्या ग्रुप पत्त्यावर पाठवायचं असेल तर दोन गोष्टी तपासा. त्या ग्रुपवर मेल टाकायला कोणाची परवानगी लागते का? लागत असेल तर मेल मंजुरीसाठी अडकून पडतो, आणि तो सोमवारी मंजूर झाला तर तुमचा "आज शेवटचा दिवस" सोमवारी वाचला जातो. दुसरं म्हणजे त्या ग्रुपमध्ये व्हेंडर किंवा क्लायंटचं कोणी आहे का. प्रोजेक्टच्या नावाच्या ग्रुपमध्ये हमखास असतं.

नंबर द्यायचा की ईमेल?

माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या मेलमध्ये ईमेल आणि लिंक्डइन द्या, फोन नंबर नको. तो मेल १५० इनबॉक्समध्ये वर्षानुवर्षं पडून राहणार. त्यातल्या तीस जणांना तुम्ही धड ओळखतही नाही. कोणी तो पुढे कन्सल्टन्सीला देतं, कोणी इन्शुरन्स विकायला लागतं, आणि मुलींना तर रात्री अकराचे "हाय" येतात ते वेगळेच. एकदा गेलेला नंबर परत घेता येत नाही.

घरचा पत्ता जीमेलचा असेल तर एक छोटी युक्ती आहे. नावानंतर अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला, म्हणजे `tumche.naav+nirop@...` असं, तरी मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये येतो. पुढे या पत्त्यावर जाहिराती यायला लागल्या तर पत्ता कुठून फुटला ते कळतं आणि फिल्टर लावून ते मेल बाजूला काढता येतात. अर्थात कोणी मुद्दाम `+nirop` खोडून पाठवलं तर ते कळायचं नाही.

लिंक्डइन देण्याआधी मात्र एक तपासणी नक्की करा. तुम्ही लिंक्डइनवर नोंदणी ऑफिसच्या ईमेलने तर केली नव्हती ना? कॉलेजमधून थेट नोकरीला लागलेल्यांचं हे फार होतं. तसं असेल तर पुढे पासवर्ड विसरलात की बदलायची लिंक त्या बंद पत्त्यावर जाईल. खातं हातात असतानाच Settings मध्ये Sign in & security, मग Email addresses इथे घरचा पत्ता जोडा, तो पक्का करा आणि Primary करा. फोन नंबरचंही तसंच. कंपनीच्या सिमवर व्हॉट्सॲप किंवा बँकेचा ओटीपी चालू असेल तर सिम जमा करण्याआधी नंबर बदलून घ्या. तेच सिम पुढच्या महिन्यात तुमच्या जागी आलेल्या माणसाच्या हातात असू शकतं.

ज्यांना नंबर द्यायचाच आहे, अशी दहा-बारा माणसं असतात. त्यांना स्वतंत्र मेसेज करा. इथे उलटी गंमत आहे. आपण नंबर देतो, समोरचा "हो हो, नक्की" म्हणतो, आणि त्याचा नंबर आपल्याकडे नसतोच, कारण आजवर सगळं बोलणं ऑफिसच्या चॅटवर झालेलं. ऑफिसची सगळी संपर्कयादी डाउनलोड करून घरी पाठवणं हा यावरचा उपाय नाही, ती यादी कंपनीची आहे. त्याऐवजी अशी लिंक द्या:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Namaskar
```

X च्या जागी तुमचा दहा आकडी नंबर. आधी ९१, पण अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा किंवा आडवी रेघ काही नको, नाहीतर लिंक उघडत नाही. समोरच्याने ती दाबली की व्हॉट्सॲपमध्ये "Namaskar" लिहिलेलं तयार असतं, त्याने फक्त पाठवायचं. त्याचा नंबर आपसूक तुमच्याकडे आला.

आता मेल

माझ्या दुसऱ्या नोकरीच्या शेवटी पाठवलेला मेल साधारण असा होता. तेव्हा १३० जण Bcc मध्ये होते, वेळ सकाळी पावणेबारा.

> विषय: आज माझा शेवटचा दिवस, उत्तर घरच्या पत्त्यावर द्या
>
> नमस्कार,
>
> आज माझा इथला शेवटचा दिवस. माझं हे खातं संध्याकाळी सहाला बंद होतंय, म्हणून या मेलला दिलेलं उत्तर माझ्या घरच्या पत्त्यावर येईल: tumche.naav@example.com. लिंक्डइनवरही मी आहे, लिंक नावाखाली दिली आहे.
>
> टेस्टिंग टीमचे खास आभार. मार्चच्या रिलीजच्या रात्री माझी चूक तुम्ही पकडली नसती तर सकाळी ग्राहकांची बिलं दुप्पट गेली असती. सपोर्ट डेस्कने तीन वर्षं माझे "अजून पाच मिनिटं" ऐकून घेतले. आणि रात्री रिक्षा येईपर्यंत गेटवर थांबणारे सिक्युरिटीचे काका मेल वाचत नाहीत, त्यांना मी भेटून आले आहे.
>
> माझं काम कोणाकडे गेलंय ते हँडओव्हरच्या शीटमध्ये आहे, कामाचं काही असेल तर त्यांनाच विचारा. गप्पांसाठी मी आहेच.

सगळ्यांचे आभार मानायचा प्रयत्न यात नाही. नावांची यादी करायला घेतली की एक नाव राहतंच, आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं. त्यापेक्षा टीमचं नाव आणि एखादा खरा प्रसंग पुरतो. शेवटची ओळही मुद्दाम आहे. ती नसेल तर पुढचा महिनाभर "ती फाइल कुठे ठेवलीस गं?" असे मेल घरच्या पत्त्यावर येतात. कंपनीची माहिती बाहेरच्या खात्यावर फिरायला लागते, आणि अडचणीत पाठवणाराही येतो, तुम्हीही.

पाठवण्याआधी खालची सही पाहून घ्या. ऑफिसची सही आपोआप चिकटते आणि तिच्यात जुना एक्स्टेंशन किंवा कंपनीचा मोबाइल नंबर असतो. वर एक पत्ता, खाली दुसरा नंबर, मग वाचणारा गोंधळतो. सही काढा. संपर्क साध्या अक्षरांत लिहा, फोटोत नाही. फोटोतला नंबर कॉपी होत नाही, सर्चमध्ये सापडत नाही, आणि कित्येकदा दिसतच नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये Undo Send ची वेळ ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, तीही वाढवून ठेवा. पाठवल्या पाठवल्या चूक दिसते, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

एचआरलाही तोच घरचा पत्ता आणि नंबर वेगळा कळवा, आणि "नोंद केली" असं उत्तर मागून घ्या. शेवटची पगारपावती, अनुभवाचं पत्र आणि पुढच्या वर्षी जूनच्या आसपास मिळणारं पगारावरच्या टीडीएसचं प्रमाणपत्र हे सगळं तुम्ही गेल्यानंतर येतं. सिस्टिममध्ये तुमचा फक्त ऑफिसचा ईमेल असेल तर तेही कुठेतरी बंद खात्यावर जाऊन आपटतं.

त्या दुसऱ्या मेलला मला एकूण २६ उत्तरं आली. त्यातली ११ सहा वाजल्यानंतरची होती. सगळ्यात लांबलचक उत्तर नवव्या दिवशी आलं, बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एका मैत्रिणीचं. तिने मेल उघडून फक्त Reply दाबलं होतं.